तर्पणात माझं जानवं आणि ताम्हण

वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर सर्वपित्रीला पहिल्यांदा तर्पणाला बसलो. शेजारी काका. मंत्र येत होते, पण घोटाळे सगळे हातांनी केले.

देवतर्पण सोपं गेलं. पूर्वेला तोंड, जानवं नेहमीसारखं डाव्या खांद्यावर, पाण्यात अक्षता आणि बोटांच्या टोकांवरून एकेक अंजली. ऋषींसाठी उत्तरेला वळून जानवं माळेसारखं गळ्यात, म्हणजे निवीती, आणि पाणी करंगळीच्या मुळाकडून. मग काका म्हणाले, "आता अपसव्य हो." मी सवयीने जानवं आधी परत नेहमीसारखं केलं, मग डाव्या खांद्यावरून ओढून उजव्यावर टाकलं, पण उजवा हात आतच राहिला. त्यामुळे ते उजव्याच काखेत गोळा झालं. काकांनी सावकाश सांगितलं, "अरे, उजवा हात आधी बाहेर काढ. निवीती झालास ना? आता त्यात डावा हात घाल." जानवं उजव्या खांद्यावरून डाव्या काखेखाली आलं. ऋषींसाठी निवीती झालो होतो तेव्हाच अर्धं काम झालेलं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं! उपरणंही तसंच फिरवायचं, ते मी विसरलोच; काकांनी ते उजव्या खांद्यावर घ्यायला लावलं.

दक्षिणेला तोंड करून डावा गुडघा टेकला. हातात दर्भ, पाण्यात काळे तीळ. आता पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून, म्हणजे पितृतीर्थातून सोडायचं. मी सवयीने बोटं पुढे वाकवली आणि पाणी देवतीर्थावरून गेलं. काकांनी हात धरला. तळवा वर, अंगठा तर्जनीपासून मोकळा, आणि हात उजवीकडे कलता. पाणी पळीने डाव्या हातानं वर ओतायचं. पण ताम्हण अजून समोरच होतं, त्यामुळे पहिली अंजली माझ्या धोतरावर! ताम्हण उजवीकडे सरकवल्यावर तीळ नीट त्यात पडू लागले. पाणी बरोबर जातंय की नाही ते तिळांवरूनच कळतं. बोटांच्या टोकांना तीळ चिकटलेले दिसले, तर हात पुढे कलतोय.

वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. प्रत्येकाचं नाव आणि गोत्र घेऊन 'स्वधा नमस्तर्पयामि' म्हणत तीन-तीन अंजली. आजोबांच्या वेळी मंत्रात गुंतलो आणि दोनच दिल्या. काका मोजत होते म्हणून कळलं. पुढे मी प्रत्येक अंजलीबरोबर मंत्र पुन्हा म्हटला, मग चूक झाली नाही.

सगळं झाल्यावर मी तसाच आचमनाला पळी उचलली. काका म्हणाले, "आधी सव्य हो." पुन्हा डावा हात बाहेर, उजवा आत. या वेळी मला कुणी सांगायला लागलं नाही, फक्त उपरणं परत उजव्याच खांद्यावर राहिलं.