तुम्ही विचारलंत म्हणून: मिडलवेअरचा हिशेब

"सगळ्या सिस्टिम्स शेवटी एकाच ईआरपीला जोडायच्या आहेत ना? मग मधे मिडलवेअर कशाला? सरळ जोडून का टाकत नाही?"

दर वर्षी बजेटच्या बैठकीत अर्थविभागाकडून आणि एरवी प्रत्येक नव्या प्लँट मॅनेजरकडून हे ऐकताना मी आजवर एकच चित्र फळ्यावर काढत आलो. दहा सिस्टिम्स परस्परांना थेट जोडल्या तर पंचेचाळीस रेघा होतात, मधे संदेशांची ने-आण करणारे मिडलवेअर ठेवले तर दहाच उरतात. आमच्या कारखान्यापुरते हे चित्र फसवे आहे, हे आधी कबूल करतो. आमच्याकडच्या तेवीस सिस्टिम्सपैकी जवळजवळ कोणालाच दुसरीशी बोलायचे नसते. प्रत्येकीला काम असते ते कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या ईआरपीशी. त्यामुळे थेट जोडले तरी रेघा तेवीसच राहतात, आणि मिडलवेअर घातले की प्रत्येक रेघेचे दोन तुकडे होऊन सांभाळायला सेहेचाळीस होतात. अर्थविभागाचे गणित बरोबर होते. चुकीचे उत्तर मी देत होतो.

खरा मुद्दा रेघांच्या संख्येचा नाही. ईआरपीचे अंतरंग किती जणांना पाठ असावे याचा आहे. थेट जोडणीत प्रत्येक शेजारी ईआरपीचे टेबल, फील्ड आणि कोड स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवतो. आमच्या एसएपी ईआरपीची जुनी आवृत्ती ईसीसी सोडून नवी एस/४हाना घेतली तेव्हा आमच्या गुणवत्ता विभागाचा एक डॅशबोर्ड डेटाबेसमधून थेट `MSEG` हे टेबल वाचत होता. जोडणी नव्या डेटाबेसकडे वळवली आणि ती विनातक्रार चालू लागली. पण नव्या रचनेत मालाच्या हालचाली `MATDOC` मध्ये लिहिल्या जातात. ईआरपीच्या आतले जुने प्रोग्रॅम `MSEG` मागतात तेव्हा त्यांना गुपचूप तिकडे वळवले जाते, मात्र बाहेरून सरळ डेटाबेसला हात घालणाऱ्याला ही सोय नाही. डॅशबोर्ड बंद पडला असता तर बरे झाले असते. तो स्थलांतराच्या आदल्या दिवसाचेच आकडे दाखवत राहिला, आणि आकडे गोठले आहेत हे कोणाच्या लक्षात येईपर्यंत नऊ दिवस गेले. मिडलवेअरमागे असलेल्या सिस्टिम्सना मात्र आम्ही पूर्वीच्याच आकाराचा संदेश देत राहिलो, कारण बदल फक्त मधल्या मॅपिंगमध्ये करायचा होता.

इथे थांबलो असतो तर लेख माझ्या बाजूने छान संपला असता. पण हा प्रश्न मला डाचतो तो दुसऱ्याच एका प्रसंगामुळे, आणि त्यात दोष मिडलवेअरकडे, म्हणजे पर्यायाने माझ्याकडे येतो.

उत्पादनाच्या लाइनवर बेअरिंग वापरली गेली की लाइनवरच्या कामाची नोंद ठेवणारी एमईएस प्रणाली मिडलवेअरमार्फत ईआरपीला कळवते, आणि ईआरपी 261 या प्रकाराची नोंद करून साठ्यातून तितका माल वजा करते. महिनाअखेरीच्या एका संध्याकाळी खर्चाच्या हिशेबाचे मोठे जॉब चालू होते आणि ईआरपीच्या बहुतेक वर्क प्रोसेस त्यांतच अडकल्या होत्या. एमईएसने ४०० बेअरिंगचा संदेश पाठवला. तो ईआरपीच्या दारात रांगेत उभा राहिला आणि चाळिसाव्या सेकंदाला नोंदला गेला. एमईएसची वाट पाहण्याची मुदत तीस सेकंदांची, मिडलवेअरची साठ. तिसाव्या सेकंदाला एमईएसने आशा सोडून तोच संदेश पुन्हा पाठवला. तो सत्तराव्या सेकंदाला नोंदला गेला. साठाव्या सेकंदाला तिसरा गेला, आणि तोवर रांग थोडी हलली असल्याने पंचवीस सेकंदांतच त्याची पोच परत आली. एमईएसच्या पडद्यावर एक व्यवहार यशस्वी दिसत होता. मिडलवेअरच्या मॉनिटरवर तीन संदेश आणि तिन्ही हिरवे. ईआरपीत तीन वैध दस्तऐवज. कुठेही एकही लाल दिवा नव्हता.

पुस्तकी साठा ८०० ने खोटा कमी झाला होता. पहिल्या नोंदीनेच त्या ऑर्डरची गरज भागली होती, त्यामुळे पुढच्या दोन नोंदींनी इतर ऑर्डर्ससाठी राखलेला माल खाल्ला. किती माल मागवायचा हे ठरवणाऱ्या रात्रीच्या एमआरपीने ही तूट पाहिली आणि पुरवठादाराच्या शेड्यूलमध्ये वाढ करून ते सकाळी रवानाही केले. दोन दिवसांनी स्टोअरच्या प्रमुखांचा फोन आला: "साहेब, गेटवर गाडी उभी आहे. एवढी बेअरिंग मागवली कोणी? माझ्या रॅकवर जागा नाही." मी ईआरपीतली मालाच्या नोंदींची यादी, `MB51`, उघडली. एकाच मटेरियलच्या सारख्या परिमाणाच्या तीन ओळी एकाखाली एक होत्या, आणि संदर्भ क्रमांकाचा रकाना तिन्हींत रिकामा होता.

त्या रिकाम्या रकान्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो. मिडलवेअर घेताना "संदेश हरवणार नाही, पोहोचेलच" असे मीच सांगितले होते, आणि ते खरे होते. तो तीनदा पोहोचला. संदेश पोहोचणे आणि व्यवहार एकदाच नोंदला जाणे या दोन वेगळ्या हमी आहेत. आयडॉकसारख्या, उत्तरासाठी न थांबणाऱ्या असिंक्रोनस मार्गात पाठवणीला स्वतःचा व्यवहार क्रमांक असतो आणि तीच पाठवणी पुन्हा आली तर ती ओळखली जाते. आम्ही उत्तर लगेच हवे म्हणून सिंक्रोनस कॉल निवडला होता, आणि त्यात ही ओळख आपोआप मिळत नाही.

उपाय मिडलवेअरमध्ये नव्हताच. एमईएस आता प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक देते आणि पुन्हा पाठवतानाही तोच ठेवते. ईआरपीत आम्ही स्वतःचे एक छोटे टेबल, म्हणजे झेड-टेबल, केले, ज्यात हा क्रमांक दोनदा बसू शकत नाही. त्यातली नोंद आणि मालाची नोंद एकाच कमिटमध्ये होतात. तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी नोंद न करता जुन्या दस्तऐवजाचा क्रमांक परत जातो. संदर्भ रकान्यातही (`XBLNR`) तो उमटतो, म्हणजे शंका आली तर डोळ्यांनी तपासता येते.

थेट जोडणी असती तरी हे घडलेच असते, असे मी तेव्हा बैठकीत म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते, कारण एमईएसने ईआरपीलाच तीनदा हाक मारली असती. शिवाय प्रत्येक संदेशाची वेळ आणि मजकूर मिडलवेअरने जपून ठेवला होता म्हणूनच सेकंदासेकंदाचा हा घटनाक्रम लावता आला. पण थेट जोडणी असती तर "दोनदा आले तर काय?" असे एमईएसच्या प्रोग्रॅमरने कदाचित स्वतःहून विचारले असते. मधे कोणीतरी आहे म्हटल्यावर दोन्ही टोकांनी ती काळजी माझ्यावर सोपवली, आणि मी ती मिडलवेअरच्या माहितीपत्रकावर सोपवली. पूर्वीचा मी हा मुद्दा उडवून लावतो, आजच्या मला तसे करता येत नाही.

आणखी एक गोष्ट पूर्वीच्या मला ऐकवायची आहे. ईआरपी बदलला तरी शेजाऱ्यांना झळ लागू नये म्हणून घेतलेल्या आमच्या मिडलवेअरची, म्हणजे प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन ७.५ ची, मुख्य देखभाल २०२७ अखेर संपते. त्यातली सगळी मॅपिंग आता नव्या मंचावर हलवायची आहेत. झळ शेजाऱ्यांपर्यंत गेली नाही. ती मधेच साचून राहिली आणि तिचे बिल एकगठ्ठा आले.

तरीही थेट जोडा असे मी म्हणणार नाही. गेटवरचा वजनकाटा मात्र मिडलवेअरमध्ये नेण्यात अर्थ नव्हता: एकच संदेश, एकाच दिशेने, सांभाळणारा एकच माणूस. तो आधीही थेट होता आणि आजही थेटच आहे, फक्त तोही आता स्वतःचा व्यवहार क्रमांक पाठवतो. पुढच्या महिन्यात टूल रूमची नवी प्रणाली येते आहे. तिचे संदेश तीनच आहेत, पण पुरवठादार म्हणतो की वर्षभरात वाढतील. तिला कुठे बसवायचे याचा प्रस्ताव मी दोनदा लिहिला, आणि दोन्ही मसुद्यांतली शिफारस एकमेकींच्या उलट आहे.