अर्धा ग्लास बिअर आणि लालबुंद तोंड: माझा अनुभव

बाबा पुण्याचे, आई जपानी, त्यामुळे नाक-डोळे कुणाचे यावर घरात वाद असले तरी दारू न झेपणं हे आईकडूनच आलंय हे आता पक्कं कळलंय. कॉलेजात अर्धा ग्लास बिअर झाली की तोंड, मान, कान सगळं लालबुंद, छातीत धडधड, मग डोकं ठणकायचं आणि मळमळ. मित्र म्हणायचे ॲलर्जी असेल, नाहीतर "सवय नाही रे तुला, पीत जा, होईल". एकाने तर प्यायच्या आधी ॲसिडिटीची गोळी घे असं सांगितलं, आणि खरंच लाली कमी झाली, मी खूश!

पुढे ओसाकाला मामाकडे गेलो तेव्हा मामा माझं तोंड बघून हसला, तिकडे असे लोक ढिगाने आहेत. त्याने घरीच टेस्ट करायला लावली. ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवलेला गॉझचा तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवायचा, ७ मिनिटांनी काढायचा, लगेच बघायचं आणि परत १० मिनिटांनी बघायचं. माझ्या दंडावर गॉझच्या मापाचा गुलाबी चौकोन उठला, मामीचा दंड जसाच्या तसा. पण ही टेस्ट कधीकधी चुकते म्हणून जीन टेस्टपण करून घेतली, रिपोर्टमध्ये `ALDH2 rs671: G/A`, म्हणजे या जीनच्या दोन प्रतींपैकी एक चांगली, एक वाईट.

डॉक्टरांनी नीट समजावलं. लिव्हर दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी, मग एएलडीएच२ नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. माझ्यात हे दुसरं काम अडतं, ॲसिटाल्डिहाइड साचतं, रक्तवाहिन्या फुगतात आणि तोंड लाल होतं. मी म्हटलं एक जीन तर चांगला आहे ना, मग निम्मं तरी काम व्हायला हवं? तर नाही. हे एन्झाइम चार तुकडे जोडून बनतं, चांगले-वाईट तुकडे सारखेच बनले तर चारही चांगले असायची शक्यता १६ पैकी १, आणि एखादा जरी वाईट घुसला तरी कामाचा वेग बराच पडतो.

दोन्ही जीन वाईट असलेल्यांना इतका त्रास होतो की ते सहसा पीतच नाहीत. घोळ आमच्यासारख्या एकवाल्यांचा आहे. पीत राहिलं की सवय होते, लाली कमी होते, पण एन्झाइम तेवढंच दुबळं राहतं, आणि असे नेमाने पिणारे लोक अन्ननलिकेच्या कॅन्सरला जास्त बळी पडतात. म्हणून डॉक्टरांनी आता किती लाल होतोस हे विचारलंच नाही, प्यायला लागल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत एका ग्लासात लाल व्हायचास का, एवढंच विचारलं. ॲसिडिटीच्या गोळीचंपण तेच, ती हिस्टामिन अडवून फक्त लाली झाकते, ॲसिटाल्डिहाइड आत तसंच, उलट काही होत नाहीये असं वाटून माणूस अजून एक ग्लास भरतो.

परत आल्यावर ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला. "सवय होईल"वाल्याने लिहिलं, "बरं झालं, आता गाडी कायम तूच चालवणार."