तुम्ही विचारलंत म्हणून: माझी तारीख

"तुझं रेग्युलर आहे ना गं, मग नक्की तारीख सांगायला काय होतं?"

बेरीज मला येते हो. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, आदल्या दिवशीचा डाग धरायचा नाही, पाळी संपल्यापासूनही मोजायचं नाही, आणि त्यात आपले नेहमीचे दिवस मिळवायचे. माझे 29.

2024 साली 5 जुलैला आली. अधिक 29, म्हणजे 3 ऑगस्ट. मीच सासूबाईंना म्हटलं, 8 पर्यंत मोकळी होईन, 11 ला रविवार आहे, श्रावणही लागलेला असेल, सत्यनारायण घालूया. झालं, दादरच्या आमच्या दोन खोल्यांत चाळीस माणसांना आमंत्रण.

3 तारीख गेली, काही नाही. 7 ला घाबरून टेस्ट केली, एकच रेघ. आणि 11 ला सकाळी रवा तुपात तांबूस होत आलेला, केळीचे खांब बांधून झालेले, आणि कमरेत ती ओळखीची कळ. खरं सांगते, दोन मिनिटं वाटलं की गप्पच बसावं, कोणाला कळणारे? मग सांगितलं. सासूबाई ओरडल्या नाहीत, फक्त "तारीख तूच दिली होतीस ना" म्हणाल्या आणि झारा माझ्या हातातून घेतला. पूजेला जाऊबाई बसल्या. मी आतल्या खोलीत आरती ऐकत होते. (हे पाळावं का, तो वेगळा वाद आहे, आमच्या घरात पाळतात.)

चुकलं कुठे ते नंतर कळलं. 13 ते 18 जुलै मी तापाने झोपून होते, म्हणजे बीज बाहेर पडायच्या ऐन आधीचे दिवस. आजारपणात, ताणात ते बीजच उशिरा सुटतं. ते सुटल्यापासून पाळी यायला मात्र बहुतेकींना साधारण दोन आठवडेच लागतात, त्यात फार फरक पडत नाही. म्हणजे लांबतो तो पहिला भाग. आणि मला 28 जुलैच्या आसपास अंड्याच्या पांढऱ्यासारखा, ताणला जाणारा स्राव दिसला होता की! तिथून 14 मोजले असते तर थेट 11 ऑगस्ट. दिसलं होतं, पण 3 तारीख डोक्यात इतकी पक्की होती की मी बघितलंच नाही.

आता कोणी विचारलं की मागच्या सहा पाळ्या बघते, सगळ्यात कमी 27, सगळ्यात जास्त 31, आणि "या पाच दिवसांत कधीतरी" म्हणते. मध्ये ताप आला तर तेही नाही. यावर जाऊबाई म्हणतात, असं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं. बरोबर असेल त्यांचं. पण आमंत्रणं तर तारखेचीच द्यावी लागतात ना, आणि पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे, कालच फोन आला, "तुझी कधी आहे गं?"