टीमबद्दल ६०० अक्षरांत लिहा: माझा अनुभव

कॉलेजच्या स्टार्टअप स्पर्धेचा फॉर्म भरताना सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं असेल, तर टीमच्या माहितीच्या चौकोनाने. रजिस्ट्रेशन, पीपीटी, दोन मिनिटांचा व्हिडिओ हे सगळं पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चौकोनावर मात्र लिहिलं होतं: 'संस्थापकांची कौशल्ये एकमेकांना कशी पूरक आहेत? कमाल ६०० अक्षरे.' आणि फॉर्म पुढे जाण्याआधी आमच्या इनोव्हेशन सेलच्या सरांची मंजुरी लागायची. सर तो परत पाठवायचे, प्रत्येक वेळी एकच शेरा मारून: 'पूरकता दिसत नाही.' म्हणजे काय दिसायला हवं, हे काही सांगायचे नाहीत. केबिनबाहेर उभं राहावं, तर सर मीटिंगमध्ये.

आमची वस्तू साधी आहे. नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत चाळीत भरतात आणि भाव बघत दिवाळीपर्यंतही ठेवतात. आत कुठेतरी सड सुरू होते आणि वास बाहेर येईपर्यंत आजूबाजूचा मालही गेलेला असतो. तो वास आधी पकडून शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा पाठवणारी छोटी पेटी आम्ही बनवली. टीममध्ये तिघं. खरी नावं इथे देत नाही, प्रत्येकाला त्याच्या ठिकाणाने ओळखा. निफाड हा कृषीचा विद्यार्थी, त्याच्या घरची चाळ आहे. सातपूर ही इन्स्ट्रूमेंटेशनची, तिने पेटी बांधली. सिडको म्हणजे मी, बी.कॉम.

आमचा पहिला मजकूर बहुतेक टीम लिहितात तसाच होता: 'सातपूर तांत्रिक प्रमुख असून तिला सेन्सर, प्रोग्रॅमिंग व डेटाचे ज्ञान आहे. निफाड यांना शेतीची सखोल जाण आहे. सिडको वित्त व मार्केटिंग सांभाळतो. तिघेही मेहनती आणि ध्येयवेडे आहेत.' परत आला. मग आम्ही कौशल्यं वाढवली, निफाडच्या नावापुढे 'ग्राहक संशोधन' आलं, माझ्या नावापुढे 'नेतृत्व'. तोही परत. मग तिघांच्या पदव्या, टक्के, वर्कशॉपची प्रमाणपत्रं. शेरा तोच. मला सरांचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. शेरा बरोबर होता, पण एक वाक्य जास्त बोलले असते तर आमच्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या.

गाडी पुढे सरकली ती आमच्याच कॉलेजच्या एका माजी विद्यार्थिनीमुळे. ती कॉलेज रोडला भेटली, मोबाइलवर मजकूर वाचला आणि म्हणाली, "यातला एकेक माणूस खोडून बघा. खोडल्यावर नेमकं कुठलं काम अडतं?" सातपूरला खोडलं तर पेटीच नाही, ते सरळ होतं. निफाडला खोडलं, तर कागदावर काहीच अडत नव्हतं, 'शेतीची जाण' कुणालाही चिकटवता येते. मला खोडलं, तर मजकूर उलट सुटसुटीत झाला. दोघंही माझ्याकडे बघून हसले. मला हसू आलं नाही.

मग ती म्हणाली, "तिघांच्या हातांतून गेलेली एक अडचण सांगा." तशी एक होती. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री पेटी इशाऱ्यांवर इशारे द्यायला लागली. चाळ उघडून पाहिली तर कांदा ठणठणीत. आमचा वायूचा सेन्सर स्वस्तातला, एमक्यू-१३५. त्याचं रीडिंग हवेतल्या ओलाव्यानेही चढतं. पण हे कागदावर माहीत असणं वेगळं आणि त्या रात्री लक्षात येणं वेगळं. निफाडने सांगितलं की पाऊस आला की घरचे चाळीच्या बाजूंना ताडपत्री सोडतात, वारा थांबतो आणि ओल आतच कोंडते. साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्याला मानवते, त्यावर ती बराच काळ राहिली की काळजी. सातपूरने मग शेजारी आर्द्रतेचा सेन्सर बसवला आणि त्यावरून वायूचं रीडिंग दुरुस्त करून घेतलं. माझा वाटा यानंतरचा. आणखी एक सेन्सर म्हणजे पेटी महाग. शेतकरी ती रोखीने घेईना, म्हणून मी ती हंगामाच्या भाड्यावर द्यायचा हिशेब मांडला: पैसे कांदा विकल्यावर. भाड्यात बसायचं तर पेटीचा खर्च किती असावा याचा आकडाही मीच सातपूरला दिला, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं, आणि तिने एक महागडा भाग काढून टाकला.

हे सगळं लिहिलं तर दोन पानं होतील. चौकोनात उतरलं ते असं:

'निफाड (कृषी): घरची कांदा चाळ, सड कधी, कुठल्या थरात सुरू होते ते ओळखतो. सातपूर (इन्स्ट्रूमेंटेशन): सडीचा वास पकडून मोबाइलवर इशारा देणारी पेटी बनवली. पावसात पेटी खोटे इशारे देऊ लागली. ओल कोंडते हे कारण निफाडने ओळखले, सातपूरने आर्द्रतेनुसार रीडिंग दुरुस्त केले. सिडको (वाणिज्य): पेटी हंगामी भाड्याने देण्याचा हिशेब मांडला, त्यातून आलेल्या खर्चमर्यादेत सातपूरने पेटी पुन्हा बांधली. कव्हर आम्हाला जमत नाही. ते अंबडच्या वर्कशॉपमधून करून घेतो.'

यात 'मेहनती', 'ध्येयवेडे' असं एकही विशेषण नाही, बघा. प्रत्येक नाव दुसऱ्या नावाला कुठेतरी टेकतं. शेवटच्या वाक्यावर सातपूरचा आक्षेप होता, आपली उणीव आपणच कशाला सांगायची म्हणून. मी अडून बसलो. तिघांपैकी कव्हर कोण बनवणार हे परीक्षक विचारणारच, मग उत्तर आधीच दिलेलं बरं. मात्र त्या वर्कशॉपवाल्या काकांना टीममध्ये दाखवलं नाही. मदत करणारा आणि संस्थापक यांत फरक असतो. बऱ्याच टीम गाइड सरांचं नावही संस्थापकांत घालतात, तेही करू नका.

आता एक राहिलेली गोष्ट, जी खरं तर आधी सांगायला हवी होती. मराठीत लिहिणार असाल तर ६०० अक्षरं म्हणजे आपली ६०० अक्षरं नव्हेत. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतो. 'कांदा' आपल्याला दोन अक्षरं वाटतात, तिथे ती पाच होतात. त्यावर आमच्या फॉर्मला जास्तीचा मजकूर पेस्ट केला तर तो शेपूट न कळवता कापायचा. एकदा आमचा आधीचा, लांबलेला मजकूर 'अंबडच्या वर्कशॉ' इथेच थांबला होता आणि तसाच सरांकडे गेला. शेरा नेहमीचाच आला, म्हणजे शेवटपर्यंत वाचत होते की नाही देव जाणे. म्हणून पेस्ट केल्यावर शेवटचं वाक्य डोळ्यांनी बघा, आणि सेव्ह करून पान पुन्हा उघडून बघा.

वर दिलेला मजकूर मात्र सरांनी बिनशेऱ्याचा पुढे पाठवला. मला तेवढ्यावर भरून पावल्यासारखं झालं. मुलाखतीत परीक्षकांनी पहिला प्रश्न मलाच विचारला: भाडं बुडालं तर पेटी परत कोण आणणार? टीमच्या माहितीत तुम्ही जे काम स्वतःच्या नावावर लिहाल, त्यावरच प्रश्न येतो, तेव्हा उत्तर तयार ठेवूनच ते लिहा. माझं तयार होतं: भाड्याचा करार निफाडच्या गावातल्या गटाशी, एकेकट्या शेतकऱ्याशी नाही.