पोलीस पाटलाच्या फॉर्मसाठी रहिवासी दाखला: तीन फेऱ्या का झाल्या

साध्या रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत तीन फेऱ्या झाल्या. चौथी टळली, कारण तिसऱ्या फेरीत दाखला हातात घेऊन तिथल्या तिथे वाचला. अर्ध्या दिवसाचं काम म्हणून कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन कामाचे दिवस धरा, आणि भरतीच्या शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी निघा.

प्रकरण असं. शेतकऱ्याच्या मुलाला पोलीस पाटील पदाचा फॉर्म भरायचा होता. हे पद महसुली गावाचं असतं आणि उमेदवार त्याच गावचा रहिवासी लागतो. ग्रामपंचायत मात्र गट ग्रामपंचायत, म्हणजे दोन महसुली गावांची मिळून एक. कार्यालय मोठ्या गावात, शिक्क्यावर नाव मोठ्या गावाचं, आणि जागा सुटली होती लहान गावासाठी. सगळा गोंधळ इथेच.

पहिली फेरी सातबारा घेऊन गेली ती वाया. सातबारा जमिनीचा कागद आहे, त्यावरून माणूस कुठे राहतो हे सिद्ध होत नाही. पुण्यात राहणाऱ्याचाही सातबारा गावात असतोच. लागतो तो घराचा नमुना 8 चा उतारा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीतला. त्यावर घर आजोबांच्या नावावर असेल तर घाबरू नका. आजोबा, वडील आणि मुलगा हे नातं दाखवायला रेशनकार्डाची झेरॉक्स जोडा. पण घर गावठाणाबाहेर शेतातल्या वस्तीवर असेल तर आधी त्या घराची नोंद नमुना 8 ला आहे का ते पाहा, आणि गट नंबर कोणत्या गावच्या शिवेत येतो ते तलाठ्याकडून खात्री करून घ्या. ओढ्यापलीकडची वस्ती बोलण्यात एका गावची आणि कागदावर दुसऱ्या गावची निघते.

दुसरी फेरी घरपट्टीत गेली. थकबाकी असली की दाखल्याचा विषय पुढे सरकतच नाही. आदल्या दिवशीच भरून पावती खिशात ठेवा.

अर्ज कोऱ्या कागदावर चालतो, पण "रहिवासी दाखला मिळावा" एवढंच लिहिलं तर छापील नमुना भरून देतात, आणि त्यात मोठ्या गावाचं नाव आधीच छापलेलं असतं. म्हणून मजकूर असा ठेवा:

"मा. सरपंच, ग्रामपंचायत (नाव) यांस. विषय: पोलीस पाटील पदाच्या अर्जासाठी रहिवासी दाखला मिळणेबाबत. मी (दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे पूर्ण नाव), महसुली गाव (नाव), घर क्रमांक (नमुना 8 प्रमाणे), ता. (नाव), जि. (नाव) येथे (वर्ष) पासून राहत आहे. दाखल्यात महसुली गावाचा स्पष्ट उल्लेख व्हावा, ही विनंती. सोबत: आधार, रेशनकार्ड, नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती."

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या, नाहीतर "अर्ज सापडत नाही" हे ऐकायची तयारी ठेवा.

दाखला मिळाला की खिडकीपासून हलू नका. नाव अक्षर न् अक्षर गुणपत्रिकेसारखं आहे का बघा. वडिलांचं नाव एका कागदावर "ज्ञानोबा" आणि दुसऱ्यावर "ज्ञानेश्वर" असेल तर छाननीत अडकतं. मग "मौजे" या शब्दापुढचं गाव वाचा. तिथे लहान गाव नसून मोठं असेल तर दाखला परत द्या, मागून पेनाने खाडाखोड करून घेऊ नका. त्यानंतर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. सरपंच महिला असतील तर सही त्यांचीच हवी. त्यांच्या यजमानांनी केलेली सही म्हणजे बाद कागद, कितीही गोड बोलून दिलेला असो. पंचायतीची मुदत संपून प्रशासक बसला असेल तर सही त्याची, माजी सरपंचांची नाही. पैसे पावतीवर असतील तेवढेच द्या.

जाहिरातीत "अधिवास प्रमाणपत्र" लिहिलं असेल तर हा सगळा प्रवास चुकीच्या दिशेचा आहे. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा तो दाखला महसूल खात्याचा, आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करून मिळतो आणि त्याला 15 दिवसांची मुदत आहे. सरपंचांचा दाखला त्याच्या जागी चालत नाही. दोन्ही मागितले असतील तर आधी अधिवासाचा अर्ज टाका, मगच ग्रामपंचायतीकडे वळा, म्हणजे ते 15 दिवस वाया जात नाहीत.