चेंजओव्हर बसला, पण जिन्याच्या बत्तीने दोन दिवस खाल्ले

गेल्या वेळी जनरेटर त्याच्या जागी बसला होता आणि घर मेनवरून जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर स्विच भिंतीवर चढला होता. आता वायरिंग पूर्ण झालंय. परवानाधारक वायरमन शेजारी उभा होता. मीटरकडून येणारी बाजू त्यानेच बंद करून जोडली, तिला मी हात लावला नाही.

मांडणी साधी आहे. जनरेटर अडीच केव्हीएचा, सलग 2 केव्हीए देणारा, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 9 अँपिअर. म्हणून अख्खं घर न घेता दिवे-पंख्यांचं सर्किट आणि फ्रिज एवढंच वेगळं काढलं. चेंजओव्हर 32 अँपिअरचा, टू-पोल, मध्ये 'बंद' अशी जागा असलेला. एका बाजूला मेनचे फेज-न्यूट्रल, दुसऱ्या बाजूला जनरेटरचे, आणि मधल्या टर्मिनलवरून, करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडणाऱ्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून, घराकडे. दांडा एका बाजूचा संपर्क पूर्ण सोडल्याशिवाय दुसऱ्या बाजूला लागतच नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर प्लगात खुपसून घर चालवणाऱ्यांकडे नेमकी हीच अडवणूक नसते. मेन स्विच पाडायचं एकदा विसरलं, की तेच 230 व्होल्ट रोहित्रात उलटे शिरून वरच्या लाइनवर हजारो व्होल्ट होतात, आणि तिथे 'लाइन बंद आहे' असं समजून कोणीतरी खांबावर चढलेला असतो.

टू-पोल घेतल्यामुळे जनरेटरचं न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलपासून सुटतं. मग आरसीसीबीला काम करता यावं म्हणून जनरेटरच्या बाजूलाच, चेंजओव्हरच्या आधी, न्यूट्रल अर्थिंगला जोडावं लागतं. हे न करताही आरसीसीबीचं टेस्ट बटण व्यवस्थित ट्रिप करतं, कारण ते बटण आतल्या आतच फेज-न्यूट्रलमधून करंट फिरवतं. त्या बटणावर विसंबू नका. मीटर लावून पाहिलं तर जोडण्याआधी फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे अर्धवट, हलते आकडे येत होते. जोडल्यावर 229 आणि 0. काही इन्व्हर्टर जनरेटरमध्ये मात्र असं जोडणं चालत नाही, तेव्हा आधी पुस्तिका वाचा.

आता मुख्य परीक्षा. मेन स्विच बंद, जनरेटर चालू, दांडा जनरेटरवर. चेंजओव्हरच्या मेनकडच्या टर्मिनलवर फेज ते न्यूट्रल मोजलं: 0. मी खूश. वायरमन म्हणाला, "साहेब, अर्थला लावून बघा." लावलं, तर न्यूट्रल ते अर्थ 200 च्या वर! फेज ते अर्थही तेवढेच. दोन्ही तारा एकाच पातळीला उचलल्या गेल्या होत्या, म्हणून त्यांच्यातला फरक शून्य दिसत होता.

मला वाटलं, डिजिटल मीटरचं नेहमीचं भूत असेल. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीमुळे मोकळ्या तारेवर असले खोटे व्होल्ट दिसतात. म्हणून त्याने न्यूट्रल आणि अर्थमध्ये 15 वॅटचा तारेचा टेस्ट लॅम्प लावला. भुताचे व्होल्ट तिथे शून्यावर कोसळले असते. इथे आरसीसीबी फटकन पडला, म्हणजे खराखुरा करंट येत होता.

एकेक स्विच बंद करत गेलो आणि जिन्याची बत्ती बंद करताच आकडा नाहीसा झाला. तिचा फेज दिव्यांच्या सर्किटमधून आला होता, पण न्यूट्रल कोणीतरी जवळच्या प्लगच्या सर्किटमधून उसनं घेतलं होतं, आणि ते सर्किट मेनवरच राहिलं होतं. जनरेटरचा फेज बल्बमधून मेनच्या न्यूट्रलवर पोचत होता. मेन स्विच चालू असता तर 9 वॅटच्या बल्बचे साधारण 40 मिलिअँपिअर अर्थिंगमार्गे जनरेटरकडे परत आले असते आणि आरसीसीबी पडला असता. बंद स्विचने ते लपवलं. जुन्या वायरिंगमध्ये हे वर्षानुवर्षं खपून जातं, कारण मेनवर बत्ती बिनतक्रार लागते.

नवीन न्यूट्रल ओढायला दीड दिवस गेला. जिन्याचा पाइप आधीच गच्च भरलेला होता. त्यानंतर जनरेटर आणि मेन दोन्ही बंद, दांडा 'बंद'वर, त्या होल्डरात 60 वॅटचा तारेचा बल्ब. आधी याच मांडणीत घराकडचा फेज आणि मेनचं न्यूट्रल यांच्यात सत्तरेक ओहम आले होते, म्हणजे थंड बल्बचाच रोध. आता काहीच नाही. मग जनरेटर लावून, सगळे दिवे एकेक करून चालू ठेवत, मेनकडची दोन्ही टर्मिनलं अर्थशी पुन्हा मोजली. टेस्ट लॅम्प लावल्यावर शून्य.

फ्रिज चालू होतानाचा झटका जनरेटर सोसतो का, ते अजून बघायचं आहे. पंखे चालू होताना दिवे क्षणभर मंदावतात.