वरच्या छातीचं माप

डोंबिवलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. मे महिन्यात लग्नसराईच्या गर्दीत एक शिक्षिका बाई आल्या. हातात दोन पिशव्या होत्या. एका पिशवीत इरकलचं सुती कापड, फिकट निळं, बारीक चौकडीचं. दुसरीत जुन्या चादरीतून घरी शिवलेला ड्रेस आणि अमेरिकेतल्या नणंदेने पाठवलेलं पेपर पॅटर्नचं पाकीट. बाईंना शिवता येतं. इरकलला कात्री लावण्याआधी चादरीवर करून बघण्याचं शहाणपण त्यांनी दाखवलं होतं, म्हणूनच कापड वाचलं.

"ताई, पाकिटावरच्या तक्त्यात बघूनच साईज घेतला मी. छाती बेचाळीस, म्हणून २० नंबर. छातीला बरोबर बसतोय, पण वर बघा काय झालंय. माझे खांदेच उतरते आहेत. आजवर प्रत्येक टेलरने हेच सांगितलंय."

त्यांना ड्रेस घालायला सांगितला. खांद्याची शिवण हाडाच्या टोकापुढे जवळजवळ पाऊण इंच खाली लोंबत होती. मुंढा पुढून उघडा पडत होता, गळा अंगापासून सुटून उभा राहत होता, आणि पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत कापडाची एक उभी घडी पडत होती. चिमटीत धरली तर चांगलं दीड-दोन इंच कापड हातात आलं. छातीवर मात्र ड्रेस खरोखरच ताणलेला नव्हता. तरीही पुढची कमरेची शिवण वर उचलली होती आणि बाजूची शिवण पुढे ओढली गेली होती.

वर सगळं ढिलं आणि समोर मात्र कापड अपुरं, असं एकाच कपड्यात दिसलं की माझा हात खांद्याकडे न जाता टेपकडे जातो.

आधी खांदे पाहिले. मानेच्या बुंध्याशी फूटपट्टी आडवी धरली आणि तिथून खांद्याचं टोक किती खाली येतं ते बघितलं. उतार अगदी नेहमीसारखा होता. बाईंचे खांदे उतरते नव्हतेच. इतकी वर्षं कपडा मोठा होता आणि दोष अंगाला दिला जात होता. हे सांगितल्यावर बाई आरशासमोर जाऊन स्वतःचे खांदे दोन्ही बाजूंनी बघत राहिल्या.

मग वरच्या छातीचं माप घेतलं. आमच्याकडे याला सरळ अपर चेस्ट म्हणतात. पुष्कळ जण पंजाबी ड्रेसला हे माप लिहितच नाहीत. टेप पाठीवरून काखेच्या अगदी जवळून आणायची आणि पुढे छातीचा उभार जिथे सुरू होतो त्याच्या वरून, काखेलगत बंद करायची. टेप लावताना हात थोडे वर, पण आकडा वाचताना दोन्ही हात खाली सैल सोडलेले हवेत. हात वर असताना वाचलेला आकडा खोटा येतो. टेप इथे जरा घट्ट धरायची, कारण या जागी हाडं आणि स्नायू असतात. पूर्ण छातीचं माप मात्र सर्वांत भरलेल्या जागी, जमिनीला समांतर, कुठेही न आवळता, आणि ड्रेसखाली जी ब्रा घालणार तीच घालून घ्यायचं.

बाईंची वरची छाती निघाली ३६ आणि पूर्ण छाती ४२. सहा इंचांचा फरक.

परदेशी कंपन्यांचे नेहमीचे पेपर पॅटर्न बहुतेक करून बी कपच्या अंगावर बेतलेले असतात, म्हणजे वरची छाती आणि पूर्ण छाती यांत साधारण दोन इंचांचा फरक धरलेला असतो. बाईंनी घेतलेल्या २० नंबरला छाती ४२, म्हणजे तो पॅटर्न वरची छाती सुमारे ४० असलेल्या बाईसाठी काढलेला. तिचा खांदा रुंद, मुंढा खोल, पाठ मोठी, गळाही मोठा. साईज वाढवला की सगळीकडे थोडं थोडं वाढतं, आणि बाईंना जास्तीचं कापड हवं होतं फक्त समोर.

हे त्यांना पटावं म्हणून मी आणखी एक माप घेतलं. प्रत्येक काखेच्या मधोमध, जिथे बाजूची शिवण यायला हवी, तिथे टाचणी लावली आणि छातीच्या रेषेवर पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा मोजला. मागे १८ आणि पुढे २४. बेरीज तीच ४२, पण पाठ चक्क लहान अंगाची. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझी पाठ दुसऱ्याच नंबरची आहे." अगदी तसंच.

आता नंबर कुठला घ्यायचा? इथे दोन वाटा आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. एक म्हणजे वरच्या छातीचा आकडाच छाती समजून तक्त्यात शोधायचा. ३६ म्हणजे १४ नंबर. दुसरी, वरच्या छातीत पॅटर्नमधला दोन इंचांचा फरक मिळवायचा. ३८ म्हणजे १६ नंबर. बारीक चणीच्या, अरुंद खांद्याच्या बाईला पहिली वाट बरी पडते. मी आकड्यावर विसंबत नाही, कागद अंगावर लावून बघते. पाकिटात १४ ते २२ सगळे नंबर एकाच कागदावर एकात एक छापलेले होते. बाईंनी २० च्या रेषेवर कापलं असलं तरी लहान नंबरांच्या रेषा आत शाबूत होत्या. फक्त गळ्यापाशी कागद कमी पडला, कारण मोठ्या नंबरचा गळा जास्त खोदलेला असतो. तिथे मागून तुकडा चिकटवून रेषा पुढे ओढली. मग पाठीचा कागद १६ च्या रेषेवर मुडपून टाचण्यांनी त्यांच्या अंगावर लावला. खांद्याचं टोक हाडावर आलं आणि पाठीच्या मधली रेषा मणक्यावर सरळ पडली. १४ वर मुडपला तर मुंढा पाठीकडून ओढू लागला. १६ पक्का केला.

१६ ची छाती ३८, हवी ४२. कमी पडतात चार इंच, आणि ते सगळे पुढच्या भागात घालायचे. कागद अर्ध्या पुढच्या भागाचा असतो, म्हणून कागदावर दोन इंच. पॅटर्नला अंगावर बसण्यासाठी जी सूट दिलेली असते ती तशीच राहते, तिला हात लावायचा नाही.

कागदावर पहिलं काम म्हणजे बाईंच्या छातीचा पॉईंट लावणं. पॅटर्नवरचा पॉईंट त्यांच्या पॉईंटपेक्षा जवळपास एक इंच वर होता. नवीन पॉईंटवरून कमरेपर्यंत मधल्या घडीला समांतर एक उभी रेष काढली. त्याच पॉईंटवरून वर, मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागात पोहोचणारी तिरपी रेष काढली. तिसरी रेष बाजूच्या टक्सच्या मधोमध, तीही पॉईंटपर्यंत. कमरेपासून कापत पॉईंटवर आले, तिथून मुंढ्याकडे वळले, आणि शिवणीच्या रेषेवर कागदाचा धागाभर सांधा राखला. बाजूचा टक्सही पॉईंटपाशी सांधा ठेवून कापला. मग कापलेल्या उभ्या कडा एकमेकींना समांतर ठेवून बरोबर दोन इंच फाकवल्या. मुंढ्याचा सांधा बिजागरासारखा फिरला, मुंढ्याची लांबी तेवढीच राहिली, आणि बाजूचा टक्स आपोआप उघडून रुंद झाला. मधल्या घडीकडचा भाग आता कमरेपाशी वर राहिलेला दिसतो. तो आडवा कापून सव्वा इंच खाली सरकवला, तेव्हा कमरेची रेष जुळली. पुढची कमर वर का उचलत होती याचं उत्तर या सव्वा इंचात आहे. भरलेल्या छातीवरून जाताना कापडाला रुंदीबरोबर लांबीही जास्त लागते.

कमरेला बाईंना जास्त काही करावं लागलं नाही. १६ ची कमर ३०, त्यात हे चार इंच मिळून ३४ झाली, आणि बाईंची कमर ३४च होती. कमर बारीक असती तर तेवढे इंच कमरेच्या टक्समध्ये काढावे लागले असते. खालचा घेर चुण्यांचा होता, तो कमरेच्या मापाला सहज बसला.

अडचण आली ती टक्सची. मूळचा सव्वा इंचाचा टक्स आता तीन इंचांच्या वर गेला होता. एवढा मोठा टक्स एका जागी मारला की टोकाला कापड शंकूसारखं उभं राहतं, आणि चौकडीवर ते जास्तच नजरेत भरतं. प्रिन्सेस कट केला असता तर टक्सच उरला नसता, पण इरकलची बारीक चौकडी छातीवर उभी तुटली असती. ते मला नको होतं. म्हणून एका टक्सचे एकावर एक दोन टक्स केले आणि दोन्हींची टोकं पॉईंटपासून पावणेदोन इंच अलीकडे थांबवली. भरलेल्या छातीला टोक पॉईंटवर नेलं तर तिथे नुसतं बोंड दिसतं.

मांजरपाट कापला आणि टाका लांब ठेवून चोळी कच्ची शिवली. संध्याकाळी बाई शाळेच्या मीटिंगमधून परत आल्या तेव्हा ट्रायल झाली. खांदा हाडावर, मुंढा अंगालगत, पाठीवरची घडी गेलेली, बाजूची शिवण सरळ उभी. खालच्या टक्सचं टोक मात्र किंचित फुगत होतं, ते उसवून पाव इंच आखूड केलं. बाईंनी हात वर केले, पुढे ताणले, फळ्यावर लिहितात तसं करून पाहिलं. कुठे ओढलं नाही. म्हणाल्या, "फळ्यावर लिहिताना दर वेळी खांदा सावरायची सवयच लागली होती हो."

मग त्यांनी पर्समधून रेडिमेड कुर्ता काढला. यालाही वरच्या छातीनेच साईज घेऊ का, असं विचारलं. घेऊ नका, मी म्हणाले. ताण न देणाऱ्या कापडाचा रेडिमेड कुर्ता पूर्ण छातीवर बसलाच पाहिजे, कारण आत शिवणीला जेमतेम अर्धा इंच कापड सोडलेलं असतं. त्यातून चार इंच निघत नाहीत. तिथे ४२ घ्या आणि खांदा आत घेऊन बाही नव्याने बसवून घ्या. ते काम करता येतं, पण मजुरी लागते. नाहीतर खांद्याला शिवणच नसलेला, रॅग्लन बाहीचा कुर्ता बघा. होजिअरीचा ताणणारा टॉप असेल तर वरच्या छातीजवळचा साईज चालतो. फक्त पुढचा घेर वर उचलतोय का ते दुकानातच आरशात बाजूने बघायचं.

आणि एक गोष्ट त्यांच्या बहिणीसाठी सांगितली, कारण ती पोहते. पाठ आणि काखेमागचे स्नायू रुंद असले की वरची छाती मोठी भरते. त्या आकड्याने साईज घेतला तर खांदा पुन्हा मोठा येतो. तिचं माप घेताना पाठ आणि पुढचा भाग वेगळा मोजायचा आणि खांद्याची रुंदी ताडून बघायची.

इरकल दुसऱ्या दिवशी सकाळी कापलं. सुधारलेल्या कागदावर तारीख, ३६ आणि ४२ लिहून तो बाईंच्या नावाने पाकिटात ठेवला. कागदावर मुंढा तसाच असल्यामुळे बाही १६ नंबरचीच, काहीही न बदलता बसली.